विश्लेषण : उत्सवाच्या फोटोवरून ‘वारली’ चित्र, चित्र कुणाचे, हक्क कुणाचा?

गावच्या उत्सवाचा मोबाइलवर काढलेला फोटो घ्यायचा, मागची बाजू गेरूच्या रंगाची करायची, माणसांच्या जागी पांढऱ्या काड्यांच्या आकृत्या बसवायच्या, कडेला त्रिकोणांची नक्षी काढायची आणि खाली ‘वारली पेंटिंग’ असे लिहून ते छापायचे. लग्नपत्रिका, दिनदर्शिका, उत्सव मंडळांचे बॅनर, टी-शर्ट अशा अनेक ठिकाणी हल्ली अशी चित्रे दिसतात. काही चित्रे पालघर जिल्ह्यातील पाड्यांवरचे चित्रकार हाताने काढतात, तर काही छपाईच्या दुकानातील संगणकावर फोटो गिरवून तयार होतात. दोन्हींवर लेबल मात्र एकच असते.

जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमधील फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या आणि भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, हा शब्द घरोघरी पोहोचला. वारली चित्रकलेलाही जीआय मानांकन आहे. मग फोटोवरून कुणीही असे चित्र काढू शकते का? मूळ फोटो काढणाऱ्याचा त्यावर हक्क असतो का? आणि पैसे देऊन काढून घेतलेले चित्र नेमके कुणाचे असते?

फोटोत काय असते, चित्रात काय उरते?

एक उदाहरण धरू. डहाणू तालुक्यातील एका पाड्यावर भाताची कापणी झाल्यानंतर तारपा नाच सुरू आहे. सुकवलेला भोपळा, बांबू आणि ताडाची पाने यांपासून बनवलेले तारपा हे वाद्य एक जण वाजवतो आहे आणि एकमेकांच्या कमरेला हात घालून वीस-बावीस जणांची साखळी त्याच्याभोवती फिरते आहे. कुणीतरी कडेला उभे राहून मोबाइलवर फोटो काढतो.

त्या फोटोत पुढचे चार नर्तक मोठे दिसतात. त्यांच्या मागचे सहा अर्धे झाकले गेले आहेत आणि पलीकडच्या बाजूचे फक्त डोके दिसते. तारपावाला गर्दीत हरवला आहे, त्याच्या वाद्याचे एक टोक तेवढे डोकावते. डावीकडे मोटारसायकल, मागे स्पीकर आणि त्यावर निळी ताडपत्री आहे. कॅमेऱ्याने एका माणसाच्या उंचीवरून, एका क्षणी जे दिसले ते टिपले आहे.

वारली चित्रकार हेच दृश्य काढायला बसला, तर त्याचा पहिला निर्णय फोटो मोडण्याचाच असतो. नाच त्याला कडेने काढायचा नसतो. तो नाचाची साखळी वरून पाहिल्यासारखी, गोल किंवा शंखासारख्या वळणाची मांडतो. तारपावाला वळणाच्या आत, सगळ्यांना दिसेल असा येतो, कारण तो वळेल तशी साखळी वळते. त्याच्याकडे पाठ न करता नाचायचे अशी रीत आहे. मात्र साखळी वरून दिसत असली, तरी त्यातली माणसे बाजूने उभी दिसतात. दोन वेगळ्या कोनांतून पाहिलेल्या गोष्टी एकाच कापडावर येतात.

दुसरा बदल आकाराचा. जवळचा मोठा आणि लांबचा लहान हा कॅमेऱ्याचा नियम इथे लागू होत नाही. साखळीतली सगळी माणसे जवळपास एकाच मापाची असतात आणि कुणीही कुणाच्या मागे झाकले जात नाही. फोटोत नऊ-दहा नर्तक नीट दिसत होते; चित्रात वीस-बावीसच्या वीस-बावीस दिसतात. जे फोटोत दिसले नाही ते चित्रकार आपल्या माहितीतून भरतो.

तिसरा बदल चेहऱ्याचा. वारली आकृतीला डोके म्हणून छोटे वर्तुळ असते. नाक-डोळे सहसा नसतात. बाई आहे हे डोक्यामागच्या अंबाड्याच्या लहान गोळ्यावरून कळते. कोण काय करते आहे, हे हात-पाय आणि कमरेच्या वाकावरून समजते. मोटारसायकल आणि स्पीकर चित्रात ठेवायचे की नाही, हा चित्रकाराचा प्रश्न. आजचे वारली चित्रकार आगगाडी, विमान, मोटारी सर्रास काढतात, त्यामुळे नवी वस्तू आली म्हणून चित्र खोटे ठरत नाही.

‘काड्यांची माणसे’ म्हणणे का चूक?

वारली आकृतीला अनेकदा काडीमाणूस म्हटले जाते. हात आणि पाय बारीक रेषांचे असतात हे खरे, पण धड काडीचे नसते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडलेले असतात: वरचा छाती-खांद्यांचा, खालचा कमरेचा. ते जिथे भेटतात तो बिंदू म्हणजे आकृतीची कंबर. वरचा त्रिकोण थोडा कलला की माणूस वाकतो, दोन्ही त्रिकोण विरुद्ध बाजूंना कलले की तो नाचायला लागतो. सगळी हालचाल त्या एका बिंदूभोवती असते. एका उभ्या रेषेच्या धडाला असे वाकवता येत नाही, म्हणून गिरवलेल्या चित्रांतली माणसे ताठ वाटतात.

मुळात वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन हे तीन आकार या चित्रांचा पाया आहेत. वर्तुळ सूर्य-चंद्रावरून आणि त्रिकोण डोंगर व टोकदार झाडांवरून आले, असे अभ्यासक सांगतात. चौकोन निसर्गातला नाही. तो माणसाने आखलेली पवित्र जागा आहे. वारली भाषेत आणि विधीत त्याला ‘चौक’ म्हणतात.

इथे फोटोवरून चित्र करणाऱ्यांची एक मोठी गफलत होते. लग्नाच्या वेळी घरातल्या भिंतीवर सवाशिणी देवचौक काढतात. त्यात पालघट देवी असते आणि चौकाशिवाय लग्नविधी पुरा होत नाही, अशी परंपरा आहे. त्या चौकाच्या कडेची दातेरी नक्षी आणि कधी कधी आतली देवीसुद्धा उचलून एखाद्या बॅनरची चौकट म्हणून वापरली जाते. नाचाचे दृश्य कुणीही पाहिलेले असू शकते, तो जगण्यातला प्रसंग आहे. चौक मात्र विधीचा भाग आहे, आणि शोभेची किनार म्हणून तो आला की जाणत्या माणसाला ते लगेच खटकते.

रंग-कुंचल्याचे काय?

पारंपरिक पद्धतीत कुडाची भिंत शेणमातीने सारवून वर गेरूचा हात दिला जात असे. पांढरा रंग म्हणजे तांदळाचे पीठ, पाणी आणि चिकटण्यासाठी डिंक. कुंचला म्हणजे बांबूची काडी, तिचे टोक चावून मऊ केलेले. तिची रेष कुठे जाड, कुठे बारीक अशी येते.

बाजारासाठी काढलेली चित्रे आता बहुधा कापडावर किंवा कागदावर असतात. पिठाचा रंग भिंतीवर काही दिवसांच्या विधीसाठी पुरेसा होता. घडी घालून पाठवायच्या कापडावर तो टिकत नाही, म्हणून बहुतेक चित्रकार तयार पांढरा रंग वापरतात. कापडावर शेण किंवा गेरूचा थर अजूनही दिला जातो आणि तो वाळल्यावर पृष्ठभाग जरा खरखरीत लागतो.

भिंतीवरून कागदावर येण्याचा हा बदल 1970 च्या दशकातला. भास्कर कुलकर्णी या कलावंताने वारली पाड्यांवर जाऊन चित्रकारांना कागद आणि रंग दिले. गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांचे काम त्यातून बाहेर आले. विधीची चित्रे तोवर प्रामुख्याने बायका काढत. मशे मात्र विधीची गरज नसतानाही रोज चित्रे काढत. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. उत्सव, मासेमारी, शेती असे प्रसंग स्वतंत्र चित्राचा विषय झाले ते याच काळात. त्यामुळे ‘उत्सवाचे वारली चित्र’ हा प्रकार पन्नासेक वर्षांचाच आहे, आणि कोणत्या चित्रकाराचे काय हे ओळखता येण्याइतका तो व्यक्तीच्या हाताशी जोडलेला आहे.

गिरवलेले चित्र कसे ओळखायचे?

चार गोष्टी पाहिल्या तरी पुरे. पुढची माणसे मोठी आणि मागची लहान आहेत का? आकृत्या एकमेकींमागे झाकल्या गेल्या आहेत का? धड दोन त्रिकोणांचे आहे की एका दांडीचे? आणि एकच आकृती जशीच्या तशी पुन्हा पुन्हा येते का? हाताने काढलेल्या साखळीत वीस नर्तक असतील, तर विसांचे पाय थोडे थोडे वेगळे असतात. संगणकावर एक आकृती करून ती वीसदा चिकटवली, की सगळ्यांचा उजवा पाय एकाच कोनात उचललेला दिसतो.

यातली कुठलीही एक खूण म्हणजे पुरावा नव्हे. चांगला चित्रकारही कधी एखादी आकृती दुसरीवर आणतो. पण पहिल्या दोन खुणा एकत्र दिसल्या, तर ते चित्र फोटोच्या चौकटीवर बेतलेले असण्याची शक्यता खूप असते. कायद्याच्या दृष्टीनेही नेमकी हीच बाब महत्त्वाची ठरते.

मूळ फोटोवर हक्क कुणाचा?

स्वामित्वहक्क कायदा, 1957 नुसार फोटो काढणारी व्यक्ती ही त्याची निर्माती असते. फोटो समाजमाध्यमावर टाकला म्हणून तो सगळ्यांचा होत नाही. फोटोवरचा हक्क तो काढणाऱ्याच्या हयातीत व त्यानंतर 60 वर्षे राहतो आणि त्याची प्रत काढणे किंवा त्याचे रूपांतर करणे हे दोन्ही अधिकार त्यात येतात.

मग फोटो पाहून चित्र काढणे हा नेहमीच गुन्हा ठरतो का? नाही. कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, ती कशी मांडली आहे त्याला देतो. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हा फरक स्पष्ट केला. विषय एकच असला, पण मांडणी वेगळी असेल तर नक्कल होत नाही. दोन्ही कलाकृती पाहणाऱ्याला दुसरी ही पहिलीचीच प्रत आहे असे ठामपणे वाटले, तर मात्र होते.

हीच कसोटी आपल्या तारपा नाचाला लावून पाहू. चित्रकाराने साखळी उलगडली, कोन बदलला, झाकलेली माणसे बाहेर काढली, सगळ्यांना एका मापात आणले. फोटोतून त्याने घेतले ते ‘पाड्यावर तारपा नाच चालू आहे’ एवढेच, आणि ते कुणाच्याच मालकीचे नाही. उलट संगणकावर गिरवलेल्या चित्रात फोटोचा कोन, चौकट, पुढच्या चार नर्तकांची जागा आणि उचललेले पाय जसेच्या तसे राहतात. बदलतो तो फक्त रंग आणि पोत. फोटो काढणाऱ्याने आक्षेप घेतला तर हे दुसरे चित्र अडचणीत येण्याची शक्यता जास्त. म्हणजे वारली पद्धत जितकी नीट पाळली जाते, तितके चित्र मूळ फोटोपासून दूर जाते आणि कायद्यानेही सुरक्षित होते.

जीआय मानांकन नेमके कशाला वाचवते?

वारली चित्रकलेची जीआय नोंद 2014 मध्ये झाली. त्यासाठी डहाणू भागातील आदिवासी युवा सेवा संघाने पुढाकार घेतला होता. या नोंदीबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा की, आता पांढऱ्या त्रिकोणांची माणसे काढायची तर परवानगी लागेल. तसे नाही. जीआय शैलीला कुलूप लावत नाही. ते नाव आणि त्या नावाने सूचित होणारे मूळ ठिकाण जपते.

भौगोलिक मानांकन कायदा, 1999 नुसार नोंदीत ज्यांची ‘अधिकृत वापरकर्ते’ म्हणून नावे आहेत, त्यांनाच ते मानांकन आपल्या वस्तूवर वापरण्याचा खास अधिकार असतो. दुसऱ्या कुणी ते नाव अशा रीतीने वापरले की वस्तू त्या मूळ प्रदेशातून आली असा ग्राहकाचा समज व्हावा, तर ते उल्लंघन ठरते. म्हणून गिरवलेले चित्र छापणे आणि ते ‘अस्सल वारली पेंटिंग’ म्हणून विकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात जीआय कायदा फारसे काही करू शकत नाही. दुसऱ्यात करू शकतो.

‘वारली शैलीतील’ असे लिहिले तर? इथे कायदा दोन पातळ्या करतो. केंद्र सरकारने खास संरक्षणासाठी अधिसूचित केलेल्या वस्तूंच्या बाबतीत ‘शैली’, ‘प्रकार’, ‘नक्कल’ असे शब्द जोडूनही ते नाव वापरता येत नाही. इतर वस्तूंच्या बाबतीत ग्राहकाची दिशाभूल झाली का, हे सिद्ध करावे लागते. ही वाट लांबची आहे, कारण प्रत्येक बॅनर आणि टी-शर्टसाठी ते सिद्ध करायला कुणालाच परवडत नाही.

दाद कोण मागू शकतो, हाही प्रश्न आहेच. कोल्हापुरी चपलांच्या वादात काही वकिलांनी जनहित याचिका केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये ती फेटाळली; मानांकनाचे नोंदणीकृत मालक नसताना याचिकाकर्ते दाद कशी मागतात, हा न्यायालयाचा मुद्दा होता. त्यामुळे एखाद्या पाड्यावरचा चित्रकार कितीही कसबी असला, तरी त्याचे नाव अधिकृत वापरकर्त्यांच्या नोंदीत नसेल, तर जीआयच्या आधारे लढताना तो मागे पडतो.

पैसे देऊन काढून घेतलेले चित्र कुणाचे?

चित्रकाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी माहीत असलेली तरतूद इथे आहे. समजा, एका उत्सव मंडळाने आपल्या कार्यक्रमाचा फोटो चित्रकाराला दिला, त्यावरून वारली चित्र काढायला सांगितले आणि ठरलेली रक्कम दिली. पुढच्या वर्षी तेच चित्र दिनदर्शिकेवर, पिशव्यांवर आणि टी-शर्टवर आले. चित्रकाराला त्याचे पैसे मिळतील का?

लेखी काहीच ठरलेले नसेल तर बहुधा नाही. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम 17 नुसार, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, ते काढून घेणारा असतो. चित्रकाराने आपल्या मनाने काढून नंतर विकलेल्या चित्राचे तसे नसते. तिथे कापड विकले जाते, छापण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो आणि तो त्याच्या हयातीत व त्यानंतर 60 वर्षे टिकतो. रक्कम तीच आणि कापडही तेच असले, तरी मागणी आधी आली की नंतर, एवढ्यावरून पुढच्या सगळ्या कमाईचा मालक बदलतो.

चित्रकाराच्या हाती तरीही काही राहते. कलम 57 नुसार आपले नाव लावण्याचा आणि प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार हक्क दुसऱ्याकडे गेल्यावरही निर्मात्याकडेच राहतो. बॅनरवरून चित्रकाराचे नाव कापून टाकले, किंवा नाचाच्या वळणातून तारपावालाच काढून तिथे एखाद्या नेत्याचा फोटो चिकटवला, तर तो या कलमाचा आधार घेऊ शकतो.

हा सगळा गुंता काम सुरू होण्यापूर्वी लिहिलेल्या चार ओळींनी बराचसा टळतो. फोटो कुणी काढला आणि त्याने तो वापरायला दिला आहे का; दिलेली रक्कम एका चित्राची आहे की छपाईच्या हक्काचीही; छपाई करायची तर कशावर, किती प्रतींची आणि किती काळासाठी; आणि चित्राखाली चित्रकाराचे व गावाचे नाव येणार का. यासाठी वकील लागत नाही. दोघांच्या सह्यांचा साधा कागद पुरेसा सुरुवातीचा आधार ठरतो, आणि कलम 17 मधील ‘वेगळा करार नसल्यास’ ही अट त्यातून चित्रकाराच्या बाजूने वळवता येते.